बाळाच्या वजनात कोणाचा वाटा किती?

पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये 1993 ते 1996 या काळात गरोदर बायकांचा एक मोठा अभ्यास झाला. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ या नावाने तो जगभरच्या संशोधकांना माहीत आहे; केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उभा केला. त्या गावांतली सरासरी आई सुमारे 152 सेंटिमीटर उंच आणि सुमारे 42 किलो वजनाची होती. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. तो तिचा 18 च्या जरासा वर भरतो. बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास होतं. जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी भरलेलं बाळ कमी वजनाचं धरतात, म्हणजे तिथलं सरासरी बाळच त्या रेषेच्या जवळ होतं.

अशी माहिती हातात आली की संशोधकाला विचारायचं असतं, बाळाचं वजन कशावर ठरलं? आईच्या उंचीवर, वजनावर, अंगलटीवर, आहारावर, की गर्भ किती आठवडे पोटात राहिला त्यावर? या प्रश्नासाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं हत्यार म्हणजे रिग्रेशन. बाळाचं वजन एका बाजूला, हे सगळे घटक दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येक घटकापुढे एक आकडा: बाकी सगळं तेवढंच ठेवून हा घटक एकाने वाढवला तर बाळाचं वजन किती ग्रॅमने बदलतं. या आकड्याला सहगुणक म्हणतात.

‘बाकी सगळं तेवढंच ठेवून’ या चार शब्दांतच सगळी मेख आहे. समजा, मॉडेलमध्ये आईची उंची, वजन आणि बीएमआय असे तिन्ही घटक टाकले. आता उंचीच्या सहगुणकाचा अर्थ होतो: वजन 42 किलोच, बीएमआय 18.2 च, पण उंची मात्र 152 ऐवजी 157 सेंटिमीटर असलेल्या आईचं बाळ किती जड असेल? अशी आई पृथ्वीच्या पाठीवर असूच शकत नाही. वजन आणि बीएमआय ठरले की उंची ठरलीच. तरीही संगणकाला हा प्रश्न विचारला तर तो गप्प बसत नाही. तो उत्तर देतो, दशांश चिन्हापुढे तीन घरांपर्यंत देतो, आणि ते उत्तर थेट शोधनिबंधाच्या तक्त्यात जाऊन बसतं.

घटक असे एकमेकांत गुंतलेले असण्याला संख्याशास्त्रात मल्टीकोलिनिअॅरिटी म्हणतात. मराठी पाठ्यपुस्तकांत बहुसंरेखता. नॉर्वेचे अर्थशास्त्रज्ञ राग्नार फ्रिश यांनी 1934 मध्ये या अडचणीवर अख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हापासून ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. जन्मवजनाच्या अभ्यासात मात्र ती जागोजागी भेटते, कारण इथे बहुतेक मोजमापं एकाच शरीराची, एकाच घराची आणि एकाच नऊ महिन्यांची असतात.

या गुंत्याने नेमकं काय बिघडतं, ते आधी पाहू. ज्या घरात आमटीत चिंच आणि गूळ नेहमी एकाच मापाने पडतात, त्या घरची आमटी वर्षभर खाल्ली तरी नुसती चिंच वाढवल्यावर चव कशी होईल हे सांगता येत नाही. चिंच-गूळ मिळून काय चव देतात ते मात्र पक्कं सांगता येतं. रिग्रेशनचंही असंच होतं. दोन घटक जोडीने हलत असले तर दोघांचा मिळून परिणाम नीट कळतो, पण वेगवेगळा वाटा डळमळीत होतो. हे डळमळणं प्रमाण त्रुटी नावाच्या आकड्यात उतरतं. सहगुणकाचा अंदाज किती इकडेतिकडे असू शकेल, हे ती सांगते. गुंता वाढला की ती फुगते.

किती फुगते, ते मोजण्याचं माप म्हणजे व्हीआयएफ. ते काढायची रीत साधी आहे. ज्या घटकाची शंका आहे, तो तात्पुरता उत्तराच्या जागी ठेवायचा आणि बाकीच्या घटकांवरून तो किती ओळखता येतो ते पाहायचं. आईची उंची बाकीच्या घटकांवरून 19 टक्के ओळखता आली, तर उरले 81 टक्के. एकाला 0.81 ने भागलं की 1.23. हा उंचीचा व्हीआयएफ. सूत्र असं:

```
VIF = 1 / (1 - R²)
```

इथे R² म्हणजे तो ओळखता येणारा भाग. व्हीआयएफचं वर्गमूळ काढलं की प्रमाण त्रुटी किती पट झाली ते कळतं. 1.23 चं वर्गमूळ 1.11, म्हणजे गुंत्यामुळे त्रुटी 11 टक्क्यांनी वाढली. एवढ्याने काही बिघडत नाही. मला या मापाचा दुसरा अर्थ जास्त उपयोगी वाटतो: एखाद्या घटकाचा व्हीआयएफ 4 असेल, तर 400 बाळंतपणांची माहिती त्या घटकाच्या प्रश्नापुरती 100 बाळंतपणांइतकीच कामाची उरते. नोंदी चारशे, कष्ट चारशेंचे, पण बळ शंभराचं.

आता एक खरी आकडेवारी घेऊ. ती सगळ्यांना खुली आहे, त्यामुळे शंका आली तर कोणीही पडताळून पाहू शकतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ओकलंड परिसरात 1960 ते 1967 मध्ये कैसर आरोग्य योजनेतल्या गरोदर बायकांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. त्यांतल्या 1236 मुलग्यांची माहिती आज संख्याशास्त्राच्या वर्गांत शिकवायला वापरतात. बाळाचं वजन औंसात, गर्भकाळ दिवसांत, आईची उंची इंचांत, गरोदरपणाआधीचं वजन पौंडांत, शिवाय वय, पहिलटकरीण आहे की नाही आणि धूम्रपान. आर नावाच्या मोफत प्रणालीत एवढ्या ओळी पुरतात:

```r
library(openintro)
m <- lm(bwt ~ gestation + parity + age +
          height + weight + smoke, data = babies)
summary(m)
car::vif(m)
```

सगळी माहिती पूर्ण असलेल्या 1174 बाळांवर हे गणित चालतं. धूम्रपान करणाऱ्या आईचं बाळ, बाकी सगळं सारखं असताना, सरासरी 8.40 औंसांनी हलकं, म्हणजे साधारण 238 ग्रॅम. गर्भकाळाच्या प्रत्येक दिवसामागे 0.44 औंस, म्हणजे आठवड्याला 87 ग्रॅमच्या आसपास. आईच्या उंचीच्या प्रत्येक इंचामागे 1.15 औंस, म्हणजे 33 ग्रॅम. आणि आईच्या वजनाच्या प्रत्येक पौंडामागे 0.05 औंस, दीड ग्रॅमसुद्धा नाही.

उंची आणि वजन यांच्यातला सहसंबंध इथे 0.44 च्या आसपास आहे. उंच बाई साधारणपणे जड असते, पण नेहमीच नाही. बुटक्या-जाड आणि उंच-सडपातळ बायकाही यादीत भरपूर आहेत. म्हणून सगळे व्हीआयएफ दीडच्या आतच राहतात आणि दोघींचा वाटा वेगळा करता येतो. आता यात एकच ओळ वाढवली:

```r
babies$bmi <- 703 * babies$weight / babies$height^2
```

इंच आणि पौंडांतून बीएमआय काढायला 703 ने गुणावं लागतं. हा बीएमआय मॉडेलमध्ये टाकला की वजनाचा आणि बीएमआयचा व्हीआयएफ 10 ची नेहमीची मर्यादा कितीतरी मागे टाकतो. नवीन माहिती जवळजवळ काहीच आली नाही. उंची आणि वजन होतेच, त्यांचाच एक भागाकार तिसऱ्या नावाने आत आला.

मग तिघांपैकी कोणाला काढायचं? इथे बरेच जण व्हीआयएफचा तक्ता बघतात, सगळ्यात मोठा आकडा ज्याचा तो घटक उडवतात आणि पुढे जातात. मला ही पद्धत चुकीची वाटते, आणि का ते याच आकड्यांवर दाखवता येतं.

उंची आणि वजन ठेवले, तर उंचीचा सहगुणक म्हणतो: एकाच वजनाच्या दोन बायकांपैकी एक इंच उंच असलेलीचं बाळ 33 ग्रॅम जड. पण वजन तेवढंच आणि उंची जास्त, म्हणजे ती बाई अंगाने बारीक झाली. उलट, उंची आणि बीएमआय ठेवले तर प्रश्न बदलतो: अंगलट तीच, पण एक इंच उंच. त्या यादीतली सरासरी आई 64 इंच उंच आणि 128-129 पौंडांची आहे. तिची अंगलट कायम ठेवून उंची एक इंच वाढवायची तर वजन चार पौंडांनी वाढायला हवं. मग उंचीच्या 1.15 औंसांत त्या चार पौंडांचे 0.20 औंस मिळवायचे. झाले 1.35 औंस, म्हणजे 38 ग्रॅम. बीएमआयचा स्वतःचा सहगुणक याच हिशेबाने काढता येतो. या उंचीला बीएमआयचा एक अंक म्हणजे सुमारे 5.8 पौंड, म्हणून साधारण 0.29 औंस, आठेक ग्रॅम.

दोन्ही मॉडेलं बाळाच्या वजनाचा अंदाज जवळजवळ सारखाच देतात. व्हीआयएफ दोन्हीकडे ठीक. तरी उंचीपुढे एकीकडे 33 आणि दुसरीकडे 38, कारण विचारलेले प्रश्न वेगळे. लहानपणी मुलीची वाढ खुंटली तर पुढे तिच्या बाळावर काय परिणाम होतो, हे विचारायचं असेल तर उंची आणि बीएमआय ही जोडी मला जास्त सयुक्तिक वाटते, कारण वाढ खुंटलेली मुलगी उंचीला कमी राहते आणि तिचं वजनही त्या उंचीबरोबर कमी राहतं. कोणता घटक ठेवायचा हे त्या प्रश्नावरून ठरायला हवं. व्हीआयएफ फक्त तिघं एकत्र नांदत नाहीत एवढंच सांगतो. कोणाला ठेवावं हे त्याला माहीत नसतं.

घटक काढून टाकण्याचा आणखी एक परिणाम लक्षात घ्यायला हवा. काढलेला घटक मॉडेलमधून जातो, पण त्याचा परिणाम जात नाही. तो सोबत्याच्या नावावर जमा होतो. वरच्या मॉडेलमधून आईचं वजन काढलं तर वजनाच्या वाट्याचा काही भाग उंचीत मिसळतो आणि उंचीचा आकडा वाढतो. वाचकाला हे सांगितलं नाही, तर तो वाढलेला आकडा निव्वळ उंचीचा समजला जातो.

भारतीय अभ्यासांत याहून अवघड जागा म्हणजे गरोदरपणात वाढलेलं वजन. गरोदरपणाआधीचं वजन, शेवटचं वजन आणि झालेली वाढ, हे तिन्ही एका तक्त्यात असतात आणि नवखा संशोधक तिन्ही मॉडेलमध्ये टाकतो. शेवटचं वजन म्हणजे आधीचं अधिक वाढ. इथे गुंता शंभर टक्के आहे. आर अशा वेळी शेवटी लिहिलेल्या घटकापुढे NA छापतं आणि वर एक ओळ देतं:

```
Coefficients: (1 not defined because of singularities)
```

ही ओळ दिसली तर नशीब चांगलं, कारण चूक उघडी पडली. जास्त त्रास होतो तो आकडे पूर्णांकात लिहिल्यामुळे. दवाखान्याच्या काट्यावर 44.6 किलो भरलेलं कार्डावर 45 लिहिलं गेलं, वाढीची नोंद दुसऱ्या रकान्यात दुसऱ्या हाताने झाली, की बेरीज तंतोतंत जुळत नाही. मग संगणकाला तिन्ही घटक वेगळे वाटतात. तो सहगुणक देतो, आणि ते सहगुणक प्रत्यक्षात नोंदीतल्या चुकांवर उभे असतात. अशा वेळी व्हीआयएफ शेकड्यांत, कधी हजारांत जातो.

वाढलेल्या वजनाला आणखी दोन धागे आहेत. ते गर्भकाळाशी बांधलेलं असतं: 40 आठवडे गेलेल्या बाईला 35 आठवड्यांत बाळंत झालेलीपेक्षा वजन वाढवायला पाच आठवडे जास्त मिळालेले असतात. म्हणून एकूण वाढ आणि गर्भकाळ एकत्र घातले की दोघांचे वाटे एकमेकांत शिरतात. आठवड्यामागे किती वाढ झाली असा दर घेतला तर हा धागा बराच सैल होतो. दुसरा धागा मात्र व्हीआयएफला दिसतच नाही. 45 किलोची बाई 54 किलोची झाली, त्या नऊ किलोंत 2.7 किलो बाळाचेच होते. म्हणजे ज्याचा अंदाज करायचा तेच अंदाज करणाऱ्या घटकात आधीपासून बसलेलं आहे. याला बहुसंरेखता म्हणत नाहीत, कारण गुंता दोन घटकांत नसून घटक आणि उत्तर यांच्यात आहे. पण तक्त्यात दोन्ही शेजारीशेजारी येतात आणि एकच उपाय दोन्हींना पुरेल असा समज होतो. इथला उपाय वेगळा: वाढीतून बाळाचं वजन वजा करून आईची निव्वळ वाढ घ्यायची, किंवा गरोदरपणाच्या मध्यापर्यंत झालेली वाढ घ्यायची, जेव्हा बाळ अजून अर्ध्या किलोचंही नसतं.

गर्भकाळाचीही एक खास भानगड आहे. आपल्याकडे बहुतेक कार्डांवर तो दोन प्रकारे लिहिलेला असतो, शेवटच्या पाळीच्या तारखेवरून आणि सोनोग्राफीवरून. दोन्ही आहेत तर दोन्ही घालू, असं वाटणं साहजिक आहे. समजा, दोघांतला सहसंबंध 0.95 आहे. त्याचा वर्ग 0.90, उरले 0.10, व्हीआयएफ 10 च्या थोडा वर आणि प्रमाण त्रुटी 3.2 पट. एकट्या सोनोग्राफीचा गर्भकाळ घातल्यावर आठवड्याला 90 ग्रॅम, त्रुटी 10 ग्रॅम, असं स्वच्छ उत्तर येत असेल, तर दोन्ही घातल्यावर सोनोग्राफीपुढे 125 आणि पाळीच्या तारखेपुढे उणे 35 असं काहीतरी येऊ शकतं, आणि दोन्हींची त्रुटी 32 च्या आसपास. उणे 35 चा अर्थ लावायला बसलं तर गर्भ जास्त आठवडे राहिला की बाळ हलकं होतं असं म्हणावं लागेल. तसं काही नसतं. 125 मधून 35 गेले की 90 च उरतात. मिळून परिणाम तोच, फक्त त्याची विभागणी बेभरवशाची झाली. असं उलटं चिन्ह दिसलं, किंवा दहावीस नोंदी वगळल्याबरोबर आकडा एकदम पालटला, किंवा अख्खं मॉडेल चांगलं बसतंय पण एकही घटक स्वतंत्रपणे ठळक ठरत नाही, की गुंत्याचा संशय घ्यावा.

पुष्कळ अभ्यास सहसंबंधांचा तक्ता छापून 0.8 च्या वर काही नाही एवढ्यावर समाधान मानतात. तो तक्ता दोघादोघांपुरताच बोलतो. आहाराच्या बाबतीत तो सहज फसवतो. ऊर्जा, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ आणि कर्बोदकं हे चार घटक घ्या. आहारातली ऊर्जा काढतात तीच मुळी प्रथिनांच्या ग्रॅमला 4, कर्बोदकांच्या ग्रॅमला 4 आणि स्निग्धाच्या ग्रॅमला 9 कॅलरी धरून. त्यामुळे चौघं मिळून जवळजवळ एक बेरीजच आहेत. तरी स्निग्ध आणि ऊर्जा, किंवा स्निग्ध आणि प्रथिनं यांचा दोघादोघांचा सहसंबंध मध्यमच असू शकतो. चौघांतली बेरीज पकडायला व्हीआयएफ लागतो, कारण तो प्रत्येक घटकाला बाकीच्या सगळ्यांसमोर उभा करतो. भाकरी हे मुख्य अन्न असलेल्या घरांत ऊर्जा आणि प्रथिनं तर एकाच टोपल्यातून येतात. ती वेगळी करणं आकड्यांपेक्षा त्या घरांच्या ताटानेच अवघड केलेलं असतं. पुण्याच्या अभ्यासात ऊर्जा आणि प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. दूध, हिरव्या पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाल्ली याच्याशी मात्र दिसला. आहारातल्या पोषकद्रव्यांबरोबर प्रत्यक्ष पदार्थांकडे पाहिल्याने नवीन काहीतरी हाती लागलं, याचं हे चांगलं उदाहरण आहे.

गुंता प्रत्येक वेळी सोडवावाच लागतो असंही नाही. सोनोग्राफीच्या अहवालात बाळाच्या डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी लिहिलेली असते आणि खाली बाळाचं अंदाजे वजन. हा अंदाज बऱ्याचदा हॅडलॉक आणि सहकाऱ्यांच्या 1980 च्या दशकातल्या सूत्रांवरून येतो. ही मापं एकमेकांशी घट्ट बांधलेली आहेत. मोठ्या बाळाचं सगळंच मोठं. तरी सूत्र कामाला येतं, कारण तिथे हाडाचा वाटा किती आणि पोटाचा किती असं कोणी विचारत नाही, एकूण वजन किती एवढंच हवं असतं. नवी बाळंही त्याच प्रमाणात वाढणारी असतील तोवर हा अंदाज चालतो. पोटातच कुपोषित राहून ज्याचं डोकं नीट वाढलंय पण पोट बारीक राहिलंय, अशा बाळाच्या बाबतीत मापांचं नेहमीचं नातं तुटतं, आणि तिथे सावध राहावं लागतं. तसंच, ज्या दोन घटकांचा गुंता आहे ते फक्त तुलना न्याय्य व्हावी म्हणून घातलेले असतील, उदाहरणार्थ आईचं शिक्षण आणि घरचं उत्पन्न, आणि खरा प्रश्न धूम्रपानाचा किंवा तंबाखूच्या मिश्रीचा असेल, तर शिक्षण आणि उत्पन्न यांचा आपसातला गुंता तसाच राहू द्यावा. मिश्रीचा व्हीआयएफ लहान आहे ना, एवढं पाहावं. व्हीआयएफ मोठा दिसला म्हणून उत्पन्न काढून टाकलं, तर गरिबीचा परिणाम मिश्रीच्या खात्यात जाईल.

10 ही मर्यादा आली कुठून? 1970 च्या सुमारास डोनाल्ड मार्क्वार्ट यांच्या लेखनातून ती रूढ झाली. काही जण 5 धरतात, काही 4. तिच्यामागे निसर्गाचा नियम काही नाही. 10,000 बाळंतपणांच्या अभ्यासात व्हीआयएफ 10 असला तरी 1000 बाळंतपणांचं बळ उरतं, जे पुष्कळ आहे. 80 बाळंतपणांच्या अभ्यासात व्हीआयएफ 4 असला तर उरतं 20 चं बळ. म्हणून नुसता व्हीआयएफ न पाहता प्रमाण त्रुटी आणि विश्वासमर्यादा शेजारी ठेवून पाहाव्यात.

हे सगळं करूनही बरेचसे निबंध वाचकाला एकच वाक्य देतात: बहुसंरेखता तपासली, समस्या आढळली नाही. शोधनिबंधांतल्या आकडेवारीसाठी टॉम लँग आणि डग्लस ऑल्टमन यांनी सॅम्पल नावाची मार्गदर्शक तत्त्वं लिहिली आहेत. संभाव्य घटकांमधली संरेखता तपासली का, हे लिहा, असं ती सांगतात. ती आढळली तर विश्लेषणात तिचं ‘काय केलं’, हे मात्र बहुतेक वेळा गाळलं जातं. नीट लिहिलेला परिच्छेद कसा दिसेल, ते एका कल्पित अभ्यासाच्या नावाने लिहून दाखवतो. यातले आकडे नमुन्याचे आहेत.

“आईची उंची, पहिल्या तिमाहीतलं वजन आणि बीएमआय हे तिन्ही आमच्याकडे उपलब्ध होते. तिन्ही एकत्र घेतल्यास वजनाचा व्हीआयएफ 118 आणि बीएमआयचा 97 येतो. आमचा प्रश्न उंचीच्या परिणामाचा असल्याने, अंगलट कायम ठेवून उंचीची तुलना करायची असं आराखड्यातच ठरवलं होतं. म्हणून उंची आणि बीएमआय ठेवले, वजन वगळलं. गर्भकाळ 14 आठवड्यांच्या आतल्या सोनोग्राफीवरून घेतला. ती नसलेल्या 37 मातांसाठी पाळीची तारीख वापरली. गरोदरपणातली वाढ आठवड्याच्या दराने, बाळाचं वजन वजा करून घेतली. अंतिम मॉडेलमध्ये सर्वांत मोठा व्हीआयएफ 1.9 आहे, शिक्षण आणि उत्पन्न यांच्यामुळे. दोन्ही तसेच ठेवले आहेत, आणि त्यांच्या स्वतंत्र सहगुणकांचा अर्थ आम्ही लावत नाही. बीएमआयऐवजी वजन घेऊन केलेलं मॉडेल पुरवणी तक्त्यात दिलं आहे. त्यात उंचीचा सहगुणक लहान येतो, कारण तिथे तुलना समान वजनाच्या मातांची आहे.”

यात काय आढळलं, काय केलं, ते कधी ठरवलं, आणि कोणत्या आकड्याचा अर्थ लावू नये, हे सगळं आलं. ‘कधी ठरवलं’ हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. चार मॉडेलं चालवून ज्यात मनासारखा घटक ठळक ठरला तेच छापायचं, आणि बाकीचे घटक बहुसंरेखतेच्या नावाखाली वगळले म्हणायचं, ही पळवाट वाचकाला बाहेरून दिसत नाही. पुरवणी तक्ता असला की ती दिसते. स्टेपवाइज निवड वापरली असेल तर तेही लिहायला हवं, कारण जुळ्यासारख्या दोन घटकांतला कोणता राहील हे ती पद्धत थोड्याशा फरकावरून ठरवते. नमुन्यात काही बाळं इकडची तिकडे झाली तर उलट निवड होते. रिज रिग्रेशन वापरलं असेल, जे सहगुणकांना मुद्दाम शून्याकडे ओढून स्थिर करतं, तर ते किती ओढलं आणि तो आकडा कसा निवडला, हे लिहायला हवं. अंदाजासाठी ते चांगलं साधन आहे. उंचीचा खरा वाटा किती, या प्रश्नाला मात्र त्याचं उत्तर थोडं कललेलंच राहतं.

या लिहिण्याचा उपयोग सगळ्यात जास्त होतो तो पुढच्या माणसाला. आईच्या उंचीचा बाळाच्या वजनावर किती परिणाम होतो, हे पाहायला कोणी दहा देशांतले अभ्यास एकत्र करायला बसला, तर त्याला एका निबंधात इंचाला 33 ग्रॅम दिसतील आणि दुसऱ्यात 38. वर पाहिलं तसे हे दोन्ही आकडे एकाच यादीतून, त्याच 1174 बाळांतून निघू शकतात. उंचीशेजारी मॉडेलमध्ये वजन होतं की बीएमआय, हे दोन्ही निबंधांत लिहिलेलं असेल तर तो वजनाच्या सहगुणकावरून एक आकडा दुसऱ्यात बदलून घेऊ शकतो. लिहिलेलं नसेल तर तो त्यांची सरासरी काढेल, आणि ती सरासरी कोणत्याच प्रश्नाचं उत्तर नसेल.